पाखरांची आणेवारी

रिकाम्या आभाळातली पाखरं मोजणारा माणूस आमच्या तालुक्यात एकच होऊन गेला, तो मी. तेव्हा मी उदगीरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. शिकवायचो म्हणजे बेडूक फाडायचो आणि पोरांना फाडायला लावायचो. नांदेडहून पदवी घेऊन आलेला, गळ्यात दुर्बीण अडकवून सायकलवर हिंडणारा, देवणी रस्त्यावरच्या गावात ‘पाखऱ्या मास्तर’ म्हणून ओळखला जाणारा. पुढे प्रा. लावलेलं नाव फक्त पगारपत्रकावर होतं.

त्या देवणी रस्त्यावरच्या गावाला एक तलाव होता. तलाव आपला म्हणायचा. पाऊस दोन वर्षं रुसल्यामुळे मधोमध एक डबकं आणि बाकी भेगाळलेला गाळ, एवढंच उरलेलं. पण तलावाच्या पोटात, जुन्या पाण्याच्या काठाला, सरकारी बाभळीचं एक दाट बन होतं. हिवाळ्यात त्या बनात भोरड्या मुक्कामाला येत. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना. दिवसभर ज्वारीच्या रानात आणि टोळ-किड्यांवर, आणि सूर्य कलला की चारी दिशांनी थवे येऊन तलावावर एक होत. मग तो मोठा थवा आभाळात असा वळायचा, की जणू कुणीतरी भली मोठी चादर झटकतंय. झटकून झाली की सगळी चादर बाभळीत उतरायची आणि अंधार पडेस्तोवर नुसता कलकलाट.

त्या वर्षी बनाचा लिलाव निघाला. दुष्काळात जळणाला भाव आलेला. मी तहसीलमध्ये जाऊन बसलो. तिथल्या नायब साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “सर, हजार-दोन हजार पाखरं कुठंबी बसतात. त्याच्यासाठी लिलाव थांबत न्हाई. लई जास्त असतील तर तसं लिहून द्या. नवा जिल्हा झालाय, जिल्ह्याची माहितीची पुस्तिका निघायलीय, त्यात घालू. पुस्तिकेत नाव आलं की बनाला हात लावायला कुणाची छाती होणार न्हाई.”

नवा जिल्हा म्हणजे लातूर. आजवर आम्ही कागद घेऊन उस्मानाबादला जायचो, आता लातूरला जायचं होतं. अंतर कमी झालं, एवढा फायदा मला पटला होता. आता माझ्या बाभळींचाही फायदा होणार म्हणून मी उडतच बाहेर पडलो.

थवा उडताना मोजता येत नाही. फोटो काढायचा, फोटोवर रेघा मारून आभाळाचे सारखे खण पाडायचे, काही खणांतली पाखरं मोजायची आणि त्यावरून सगळ्या थव्याचा अंदाज काढायचा. मी कॉलेजात हे वाचलं होतं. वाचलं होतं, पण पूर्ण वाचलं नव्हतं, हे पुढे कळलं.

बाजारातल्या स्टुडिओवाल्या भाईंना मी तलावावर नेलं. तीन पिढ्या लग्नाचे फोटो काढणारं घराणं. त्यांनी कॅमेरा आभाळाकडे केला आणि पुन्हा खाली घेतला.

“सर, इसमें दुल्हा किधर है?”

“सगळेच नवरदेव आहेत. काढा तुम्ही.”

“मग जेवणावळीला किती खर्च आला असंल,” असं म्हणून त्यांनी एक छान फोटो काढला. थवा पुरता चौकटीत आला होता. मी तो चांगला पाटीएवढा मोठा करून घेतला. त्यावर पेन्सिलीने आडवे सहा, उभे चार, असे चोवीस खण पाडले.

इथे माझी अक्कल चालली. मोजायला खण कोणता घ्यावा? मला वाटलं, जिथे पाखरं सगळ्यात जास्त तोच मोजावा, म्हणजे कमी भरायला नको! मधला दाट खण घेतला. मोजलेल्या प्रत्येक पाखराला टाचणीने भोक पाडत गेलो, म्हणजे एकच पाखरू दोनदा मोजलं जात नाही. चारशे भरली. चारशे गुणिले चोवीस. नऊ हजार सहाशे. दाट खणाचा हिशेब विरळ खणांना लावला तो लावलाच, वर त्या चोवीसात चार खण असे होते की त्यात नुसतं आभाळ होतं, पाखराचं पीसही नव्हतं. त्या रिकाम्या आभाळातसुद्धा मी सोळाशे भोरड्या सोडल्या.

बायको मुदखेडची. ती म्हणाली, “काय करून राहिलात हो, फोटोला टाचण्या कशापायी टोचून राहिलात?”

मी म्हटलं, “दहा हजार!”

नऊ हजार सहाशे हा आकडा सांगायला लांब पडतो.

दुसऱ्या दिवशी स्टँडसमोरच्या हॉटेलात मी ‘दहा हजार’ म्हणून जाहीर केलं. तिथे नायब साहेब होते, चार शेतकरी होते, आणि माझा जिवलग आप्पा होता.

आप्पा त्या तलावाच्या गावचा तलाठी. कपाळाला विभूती, डोक्यावर टोपी, सायकलला दप्तर. तीन हिवाळे आम्ही दोघं बांधावर बसून भोरड्या बघत होतो. मला पाखरांचं वेड होतं आणि आप्पाला माझं, असं मला वाटायचं. मी नसलो की तो एकटाही जाऊन बसायचा आणि मला येऊन सांगायचा, “सर, आज लई येळ खेळली पोरं.” भोरड्यांना तो पोरं म्हणायचा. माझ्या बायकोला ताई म्हणायचा, घरी आला की आधी माठाकडे जायचा. अशा माणसावर संशय घ्यायला वेगळं डोकं लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

माझा आकडा ऐकून नायब साहेब म्हणाले, “दहा हजार? आन् खातात काय सर ती? धोंडे?”

हॉटेलभर हसू फुटलं. मीही हसलो. साहेबांनी पुन्हा विचारलं, या खेपेला आप्पाकडे बघून, “काय तलाठी, तुमच्या गावात ज्वारी बरी दिसायलीय मग?”

आप्पा बशीतला चहा फुंकत होता. म्हणाला, “सरांचं काय सायेब, प्रेमात माणसाला एकाच्या दोन दिसत्यात.” पुन्हा हशा. मी सगळ्यात जोरात हसलो, कारण विनोद माझ्यावर होता आणि मला तसले विनोद आवडतात.

त्याच आठवड्यात आप्पा घरी आला. म्हणाला, “सर, तुमचा आकडा टिकणार न्हाई. दाट खण घेऊन भागत न्हाई. आपण आणेवारीवाणी करू.”

आणेवारी म्हणजे पिकाचा अंदाज. सरकारी कागदावर तिला पैसेवारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी आणेवारीच. रानातला एक लहान तुकडा निवडायचा, तेवढंच कापायचं, झोडपायचं, मोजायचं आणि त्यावरून गावाचं पीक ठरवायचं. रुपयाला पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईत धरलं जातं. सारा माफ होतो, कामं निघतात. पन्नासाच्या वर गेलं की बसा बोंबलत. आप्पानं आयुष्यभर हेच केलेलं. मला आनंद झाला. शास्त्र आणि महसूल खातं माझ्या ओसरीवर एक होत होतं!

आप्पानं फोटो मांडीवर घेतला आणि पहिल्या झटक्यात चार रिकाम्या खणांवर फुल्या मारल्या. “हितं पोरं न्हाईत. हे धरायचे न्हाईत. राहिले ईस.” मी शरमलो आणि खूशही झालो. मग त्यानं खणांना नंबर घातले, चिठ्ठ्या केल्या, वळ्या करून आपल्या टोपीत टाकल्या आणि टोपी माझ्यापुढे धरली.

“तुमच्या हातानं काढा. म्हंजी कुणी बोलायला नको.”

मी म्हटलं, “आप्पा, एक नको. एक दाट, एक मध्यम, एक विरळ असे तरी तीन घेऊ आणि सरासरी काढू.”

“तीन तुकडे कापले की तीन भांडणं लागतात सर. तीस वर्सं बघायलोय. एक काढा.”

मी डोळे मिटून चिठ्ठी काढली. सतरा नंबर. तो निघाला उजव्या कडेचा, थव्याचं शेपूट जिथे विरत जातं तिथला. टाचणी घेऊन मोजलं, साठ पाखरं. साठ गुणिले वीस. बाराशे.

माझं तोंड उतरलं. आप्पानं खांद्यावर हात ठेवला. “चिठ्ठीनं जे दिलं ते घ्यायचं. दुसरी काढली की बेइमानी झाली.”

बेइमानी हा शब्द त्यानंच वापरला. मी ‘निरीक्षणानुसार सुमारे बाराशे पक्षी’ असं लिहून इंग्रजीत ऐटदार सही ठोकली. आप्पा कागद स्वतः तहसीलला घेऊन गेला. मला तेवढा हेलपाटा वाचला म्हणून मी त्याला दोनदा चहा पाजला.

बाराशे म्हणजे हजार-दोन हजारातलं. लिलाव ठरल्या दिवशी होणार असा निरोप आला. आप्पा सांत्वनाला आला, माझ्याबरोबर हळहळला. “आपलं नशीब सर, दुसरं काय.” मी त्यालाच धीर दिला.

आता खरा प्रकार कसा उघडकीस आला ते सांगतो, त्यातही माझी हुशारी काही नाही. बेडूक संपले होते. दुष्काळात बेडूक तरी कुठून आणणार? प्रॅक्टिकलचा तास रिकामा जाऊ नये म्हणून मी तो फोटो वर्गात नेला. खण कापून वेगळे केले, बाकाबाकाला वाटले, बेडूक टोचायच्या टाचण्या दिल्या आणि म्हटलं, मोजा. एकही खण न सोडता सगळा थवा मोजायचा, नमुना-बिमुना काही नाही.

पोरांनी मोजलं. मधल्या आठ खणांत चारशेच्या मागेपुढे. सात खणांत दोनशेच्या आसपास. आणि कडेच्या पाच खणांत साठेक. फळ्यावर बेरीज केली. बत्तीसशे, चौदाशे, तीनशे. चार हजार नऊशे. दाटीत एकामागे एक लपलेली पाखरं फोटोत दिसत नाहीत, म्हणजे खरी याहून थोडी जास्तच. माझे दहा हजार जेवढे खोटे, तेवढेच बाराशेही खोटे.

तरीही मला संशय आला नाही, हे लिहून ठेवतो. मला वाटलं, चिठ्ठीनं दगा दिला. विसातले पाचच खण विरळ होते, त्यातलाच एक माझ्या हाताला लागावा! हे दुर्दैव सांगायला मी सायकल मारत आप्पाच्या गावी गेलो. चावडीसमोर तो एकटाच बसला होता.

“आप्पा, पाच हजार आहेत! सतरा नंबर फसवा निघाला. आपण दुसरा कागद देऊ.”

आप्पानं सरकून शेजारी जागा केली. मग म्हणाला, “सर, बसा.”

मी बसलो.

“टोपीतल्या समद्या चिठ्ठ्यांवर सतराच हुतं.”

मला पहिल्यांदा हसूच आलं. वाटलं, गंमत करतोय. “म्हणजे?”

“म्हंजी तुम्ही कोणतीबी काढली असती तर सतराच निघालं असतं.”

“पण का आप्पा?”

“तुम्ही हाटेलात दहा हजार म्हणलाव. नायब सायेब मला काय म्हणले ते तुम्ही ऐकलाव न्हाई का? ज्वारी बरी दिसायलीय. एवढी पाखरं हायत म्हंजी गावात दाणा हाय, असं त्यांच्या डोक्यात बसलं. आणेवारी त्याच म्हयन्यात हुती. गाव पन्नासाच्या वर गेलं असतं तर लोकांनी काय खाल्लं असतं?”

“अहो, पण पाखरं जमली म्हणजे पीक आहे असं नसतं! आजूबाजूला काहीच नाही म्हणून तर सगळी एका जागी आलीत. दोन-चार विहिरींखाली हिरवं दिसतंय, तिथंच तुटून पडतात. हे मी लिहून दिलं असतं की. माझ्या सहीनं!”

“लिहून दिलं असतं,” आप्पा शांतपणे म्हणाला. “अन् खरा आकडाबी लिहिला असताव. सायबानं आकडा वाचला असता, खालचं वाचलं नसतं.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही सही केली असती का?”

मी दुसरंच विचारलं. “आणि बन? तीन वर्षं आपण दोघं तिथं बसलो ते?”

“बन गेलं. मलाबी वाईट वाटायलंय.” त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. “पर गाव माझं हाय सर. तुम्ही नांदेडचे.”

बाकी सगळं मी पचवलं असतं. हे वाक्य नाही पचलं. तीन हिवाळे मी त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती.

मी तडक लातूरला गेलो. जिल्हा इतका नवा होता, की कचेरी भाड्याच्या इमारतीत होती आणि पाटीचा रंग बोटाला लागत होता. सायकलच्या घामातच एसटीत बसलो होतो. वाटभर ठरवत होतो, चिठ्ठ्यांचं सांगावं की नाही. सांगितलं तर आप्पाची नोकरी जाणार, आणि ज्यानं एका कागदात लबाडी केली त्याच्या गावची आणेवारीही पुन्हा उघडणार. नाही सांगितलं तर बन जाणार. तिथल्या मोठ्या साहेबांपुढे उभा राहिलो तोवर ठरलं नव्हतं. त्यामुळे मी नुसतंच म्हणालो, “साहेब, मोजणीत चूक झाली होती. बाराशे नाहीत, पाच हजार आहेत. सगळे खण मोजलेत.”

साहेबांनी फाईल मागवली, चाळली. त्यात नायब साहेबांची टीप होती. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

“तुम्हीच ना ते? आधी हॉटेलात दहा हजार सांगितले. मग सही करून बाराशे. आता पाच हजार.” ते हसले, चांगल्या मनानं हसले. “प्रोफेसर, पाखरं उडतात हे मान्य. पण आकड्यांनी तरी एका जागी बसावं.”

शेजारचा कारकूनही हसला. चिठ्ठ्यांची गोष्ट माझ्या जिभेवर होती. त्या क्षणी सांगितली असती, तर माझी अब्रू वाचली असती आणि कदाचित बनही. मी सांगितली नाही. हा मोठेपणा होता असं कुणी समजू नये. गाव माझ्या डोळ्यांपुढे नव्हतंच. टोपीत हात घालून डोळे मिटणारा मी डोळ्यांपुढे होतो, आणि एवढ्या लोकांत ते चित्र उघडं करायचं धाडस माझ्यात नव्हतं. स्वतःला हसणं मला जमतं, पण कोणत्या गोष्टीला हसायचं ते मी ठरवलेलं असतं.

परतीच्या गाडीत आणखी एक गोष्ट डोक्यात शिरली. आप्पानं माझीच सही का घेतली? स्वतःच्या अधिकारात बाराशे लिहून देता आले असते. पण तलाठ्यानं पाखरं कमी दाखवली तर साहेबाला वास आला असता. मी आधी दहा हजार ओरडून बसलो होतो. मीच खाली उतरून बाराशेवर सही केली, म्हणजे ते खरं वाटणार. आणि मी पुन्हा फिरलो तर माझं ऐकणार कोण? हा सगळा हिशेब त्यानं माझ्या ओसरीवर, माझ्या माठातलं पाणी पिताना केला होता. तीन हिवाळ्यांत मी भोरड्यांकडे बघत होतो, तेव्हा तो माझ्याकडेही बघत होता म्हणायचं.

गाव टंचाईत आलं. तलावातला गाळ काढायचं काम निघालं. दीडेकशे माणसं टोपल्या घेऊन उतरली आणि त्यांच्या घरात चुली पेटल्या. हे मी स्वतः बघितलं, बघायलाच हवं होतं. त्याच कामाच्या कडेला लिलाववाल्याची माणसं बाभळी पाडत होती. संध्याकाळी थवा आला. नेहमीसारखा वळला, बनाच्या जागेवर खाली झेपावला आणि उतरायला काही नाही म्हटल्यावर तसाच वर उठला. दोनदा, तीनदा झालं. टोपलीवाल्या बाया माना वर करून बघत होत्या. मग थवा कर्नाटकाच्या बाजूला गेला. आप्पा बांधावर हजेरी घेत उभा होता. त्यानंही वर बघितलं. मी सायकल वळवली. तो “सर” म्हणून हाक मारत होता, मी थांबलो नाही. त्यानंतर आमचं बोलणं बंदच.

पंधरा-वीस दिवसांनी कॉलेजातून घरी आलो, तर अंगणात गाडीभर लाकूड उतरलेलं. बायको ढलप्या वेचून कुडाला लावत होती.

“आप्पांनी पाठवलंय. लिलाववाल्याकडनं घेतलं म्हणत होते. पैसे घेतच नव्हते, मी बळंच दिले.”

“परत पाठव.”

“गाडी गेली न् आता. अन् बाभळीचं लाकूड कुठं मिळून राहिलंय या दुष्काळात? निखारा किती टिकतो बघा तरी. तुमच्यासाठी बंब पेटवलाय. घामानं अंग काय झालंय.”

तिला चिठ्ठ्यांचं मी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी तो अजून आप्पाच होता. मी न्हाणीत गेलो. अर्ध्या बादलीत पाणी काढलं, बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. कढत होतं. बाभळीनं आपलं काम चोख केलं होतं.

“अगं, विसण दे थोडं.”

“विसणाला पाणी नाही हो,” ती बाहेरून म्हणाली. “टँकर उद्या आहे. जरा दम धरा, निवेल.”

मी पाटावर उघडा बसून ते पाणी निवायची वाट बघत राहिलो.